नऊ ठोकळ्यांचा मनोरा, तीन ठोकळ्यांचा पूल

वाढदिवसाला ठोकळ्यांचा मोठा सेट येतो. खोक्यावर वय लिहिलेलं असतं ‘३+’, मूलही तीन वर्षांचं. तरी पाच मिनिटांत तुकडे भिंतीकडे भिरकावले जातात आणि घरात एकच सूर, ‘याचं कशातच लक्ष लागत नाही!’ लक्ष लागतं, भरपूर लागतं. फक्त ठोकळ्याची जाडी, तो जोडायला लागणारा जोर आणि पूर्ण करायच्या पायऱ्या हे सगळं त्या वयाच्या हातांना जमणारं हवं. दुकानात जाण्याआधी माहीत असाव्यात अशा या गमतीच्या गोष्टी.

१. ‘३+’ हा आकडा घशासाठी असतो

खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत एक छोटी नळी असते. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका. त्यामुळे एका बाजूला ती २५.४ मिलिमीटर खोल, तर दुसऱ्या बाजूला ५७.१. लहान मुलाच्या घशाचा अंदाज घेऊन ही मापं ठरवली आहेत. एखादा तुकडा न दाबता या नळीत पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही.

म्हणजे ‘३+’ हा शिक्का मुख्यतः गुदमरण्याच्या धोक्याबद्दल बोलतो. तीन वर्षांच्या मुलाला तो सेट जोडता येईल, असं तो सांगत नाही. याच कारणामुळे खूप बारीक, खूप घट्ट आणि खूप पायऱ्यांचे सेटही हा आकडा मिरवतात.

मूल अजून वस्तू तोंडात घालत असेल, तर घरच्या घरी एक चाचणी करता येते. टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी साधारण चार सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नळीपेक्षा मोठी. जो तुकडा तिच्यातून आरपार जातो, तो सध्या कपाटात ठेवा. आणि खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे ना, ते बघा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते बंधनकारक आहे.

२. मनोरा बघून वयाचा अंदाज येतो

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी लहान मुलांसमोर एक-एक इंचाचे लाकडी घन ठेवून त्यांचं निरीक्षण केलं. त्यातून तयार झालेली मोजपट्टी बालरोगतज्ज्ञ आजही थोड्याफार फरकाने वापरतात. साधारण सव्वा वर्षाचं मूल दोन घनांचा मनोरा रचतं, दीड वर्षाचं तीन-चारांचा, दोन वर्षांचं सहा-सातांचा आणि तीन वर्षांचं नऊ-दहांचा.

त्यापुढची गंमत जास्त महत्त्वाची आहे. तीन वर्षांच्या मुलाला दोन घन थोडं अंतर सोडून ठेवून, वर तिसरा ठेवून दाखवला, तर ते तसाच पूल करून दाखवतं. पाच घनांचं दार, ज्यात मधला घन तिरका ठेवायचा असतो, ते साधारण चौथ्या वर्षी जमतं. सहा घनांचा जिना पाचव्याच्या आसपास.

म्हणजे तीन वर्षांचं मूल बघून करायच्या कामात एका वेळी दोन-तीन जागांचं नातं सांभाळू शकतं. आता ज्या सेटमध्ये ३० चित्रं बघून विमान करायचं असतं, तो आठवा. पहिल्या चार पायऱ्यांनंतर पुस्तिका मोठ्यांच्या हातात जाते आणि मूल प्रेक्षक होतं. रडणं सुरू होतं ते इथे.

हे आकडे सरासरीचे आहेत. आठ घनांवर थांबणारं मूल मागे पडलेलं नसतं आणि बारा रचणाऱ्याला लगेच पाच वर्षांचा सेट लागत नाही.

३. आधी रचणार, मग नाव ठेवणार

१९३३ साली न्यू यॉर्कच्या हॅरिएट जॉन्सन यांनी ठोकळ्यांचा खेळ कसकसा पुढे सरकतो ते लिहून ठेवलं. आधी मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहून नेतं. मग एकावर एक मनोरा किंवा शेजारी-शेजारी रांग, पुन्हा पुन्हा तेच. मग पूल. मग कुंपण, म्हणजे चारही बाजूंनी बंद केलेली जागा. त्यानंतर दोन्हीकडे सारखी नक्षी, मग नाव देऊन खेळणं आणि शेवटी खरी इमारत बघून तशीच उभारणं.

तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा पूल आणि कुंपण यांच्या आसपास असतं. ते आधी काहीतरी रचतं, मागे सरून बघतं आणि मग म्हणतं, ‘ही गाडी आहे!’ दोन मिनिटांनी तीच गाडी आजीचं घर होते. ‘मी आता गाडी करणार’ असं आधी ठरवून ती तशीच करणं पुढच्या एक-दोन वर्षांत येतं.

म्हणून या वयाला खोक्यावरच्या चित्रासारखंच व्हावं लागणारा सेट त्रास देतो. ज्याला बरोबर उत्तर नाही, असा साध्या ठोकळ्यांचा ढीग रमवतो. सोबत दोन प्लास्टिकचे प्राणी आणि एक गाडी द्या. कुंपणाला गोठा व्हायला आणि पुलाखालून काही जायला एवढं पुरतं. दिवाळीत मोठी ताई-दादा किल्ला करत असतील, तर धाकट्याला त्याच्या ठोकळ्यांची तटबंदी शेजारी उभारू द्या. बंद कुंपण हेच त्याचं या वयातलं आवडतं बांधकाम असतं.

४. सुताराला सांगावं असं माप: ३५, ७०, १४०

न्यू यॉर्कमध्येच कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने १९१४ साली एक शाळा काढली, तीच पुढे सिटी अँड कंट्री नावाने ओळखली गेली. बालवाड्यांत दिसणारे साधे, न रंगवलेले लाकडी ठोकळे तिच्यामुळे रूढ झाले. त्यांचं सगळं रहस्य १:२:४ या प्रमाणात आहे. मूळ ठोकळा साधारण ३५ मिलिमीटर जाड, ७० रुंद आणि १४० लांब. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. त्याचा अर्धा म्हणजे चौकोनी ठोकळा, दुप्पट म्हणजे २८० मिलिमीटरचा लांब ठोकळा.

याचा फायदा तीन वर्षांच्या मुलाला लगेच मिळतो. लांब ठोकळा संपला तर दोन मूळ ठोकळे शेजारी लावून तेवढीच लांबी होते. काम अडत नाही. शिवाय हे ठोकळे कशात अडकवावे लागत नाहीत. ठेवला की झाला, उचलला की सुटला.

जवळ चांगला सुतार असेल तर हा सेट घरगुती होऊ शकतो. ७० बाय ३५ मिलिमीटरची, रंधा मारलेली पट्टी घ्यायची आणि तिचे २० मूळ, १२ अर्धे आणि ८ दुप्पट लांबीचे तुकडे करायचे. चाळीस ठोकळ्यांना करवतीच्या कापासकट सहा मीटर पट्टी लागते. कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने गोल करून घ्या. रंग-व्हार्निश नको. लाकूड पूर्ण वाळलेलं असू द्या, नाहीतर पावसाळ्यानंतर ठोकळे वाकतात.

घेताना, करवून घेताना एकच चूक टाळा, ती म्हणजे कमी-जास्त जाडी. प्रत्येक ठोकळ्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला, तरी दहा ठोकळ्यांचे दोन खांब पाच मिलिमीटरने वर-खाली होऊ शकतात. त्यांवर ठेवलेला पूल डुगडुगतो आणि आपलंच चुकलं असं मुलाला वाटतं. तपासणी सोपी आहे. दोन ठोकळे टेबलावर शेजारी आडवे ठेवा आणि वरच्या सांध्यावरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली तर तो सेट नको.

५. दुप्पट ठोकळा म्हणजे आठपट ठोकळा

लेगोचा आजचा ठोकळा, वर बुटके खुंट आणि पोटात नळ्या असलेला, २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये पेटंटसाठी नोंदवला गेला. १९६९ साली त्याच कंपनीने धाकट्यांसाठी ड्युप्लो आणला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट. त्यामुळे एका ड्युप्लोने व्यापलेल्या जागेत त्याच नमुन्याचे आठ लहान ठोकळे मावतात. आणि खरी गंमत अशी की लहान ठोकळा ड्युप्लोवर चपखल बसतो! मूल मोठं झालं तरी जुना सेट वाया जात नाही. तो नव्या शहराचा पाया होतो.

तीन वर्षांच्या हाताला यातला फरक कुठे कळतो? लहान ठोकळ्यात दोन खुंटांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ड्युप्लोत १६. मोठा ठोकळा मुठीत धरून, तळहाताने दाबून बसवता येतो. लहान ठोकळ्याला अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, त्याच चिमटीत नेम धरावा लागतो आणि जोरही द्यावा लागतो. हे तिन्ही एकत्र करायला बोटांना अजून वर्ष-दीड वर्ष हवं असतं.

जोडण्यापेक्षा सोडवणं अवघड असतं, हे बऱ्याचदा लक्षात येत नाही. मुलाला बेत बदलायचा असतो आणि दोन पातळ तुकडे एकमेकांना सोडत नाहीत. दुकानात नमुना असेल तर दोन ठोकळे जोडा आणि प्रत्येक हाताची फक्त दोन बोटं वापरून सोडवा. तुम्हाला ओढाताण करावी लागली, तर मुलाला ते सुटणार नाहीत. उलट बाजूही तपासा. सहा ठोकळ्यांची काठी करून आडवी धरा. ती मधून निखळली तर सेट ढिला आहे आणि घर उचलताच कोसळेल.

६. सहा ठोकळे, एक्क्याण्णव कोटी रचना

दोन गुणिले चार खुंटांचे, एकाच रंगाचे दोन लेगो ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतले तर १,०६० प्रकारे. आणि सहा? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५! कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने हा आकडा नक्की केला.

तात्पर्य पालकांच्या खिशाला आवडेल असं आहे. रचनांचं वैविध्य मिळण्यासाठी दोनशे तुकड्यांचा सेट लागत नाही. तीन वर्षांच्या मुलासमोर एका वेळी २० ते ३० जोडायचे ठोकळे पुरतात, लाकडी असतील तर ३०-४०. त्याहून मोठ्या ढिगात हवा तो तुकडा शोधण्यातच वेळ जातो आणि खेळाचं रूपांतर सांडण्या-पसरण्यात होतं. एकाच आकाराचे ठोकळे जास्त असू द्या. बारा प्रकारचे दोन-दोन तुकडे असतील तर मनोराही पुरा होत नाही आणि रांगही. जास्तीचे डब्यात ठेवा आणि दर महिन्याला थोडे बदला.

७. सहा वर्षांच्या मुलाला न जमणारं चार वर्षांच्या मुलाला जमतं

जिनिव्हात अ‍ॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ आणि बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांना अरुंद पट्टीवर ठोकळे तोलायला दिले. काही ठोकळ्यांच्या एका टोकात छुपं वजन होतं. चार-पाच वर्षांच्या मुलांनी ठोकळा हाताने पुढे-मागे सरकवत, जिकडे झुकतोय ते जाणवून घेत, तो तोलून दाखवला. सहा-सात वर्षांची मुलं मात्र प्रत्येक ठोकळा बरोबर मध्यावर ठेवत राहिली. तो पडला की म्हणायची, हा बसतच नाही. ‘मध्य म्हणजे तोल’ हा नियम त्यांच्या डोक्यात पक्का झाला होता आणि हाताला जे जाणवत होतं त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी नियम आणि हात दोन्ही जुळवून घेतले. हा अभ्यास १९७४-७५ च्या सुमाराचा.

म्हणून छोट्याचा मनोरा कलत असताना ‘मध्यावर ठेव’ असं सांगायची घाई नको. त्याला सरकवू द्या. मदत करायचीच असेल तर जमीन सुधारा. गालिचा आणि गादी या मनोऱ्याच्या दोन मोठ्या शत्रू-जागा. कडक, सपाट फरशीवर तेच ठोकळे दोन-तीन मजले जास्त चढतात.

८. चुंबकी टाइल्स: भिंत आपोआप उभी

पारदर्शक, रंगीत, कडांमध्ये चुंबक असलेल्या टाइल्स या वयाला फार आवडतात, कारण दोन कडा जवळ आणल्या की ‘टक्’ करून चिकटतात. जोर नको, नेम थोडा चुकला तरी चालतो. चार चौरस उभे केले की घर होतं, वर एक ठेवला की छप्पर.

मर्यादा दोन. उंची वाढली की चुंबक भार पेलत नाही आणि सगळं एकदम बसतं. चार-पाच मजल्यांचे बेत करणाऱ्या मुलाला इथे राग येतो. त्याला लाकडी ठोकळे जास्त रमवतात.

दुसरी मर्यादा धोक्याची आहे. टाइल फुटून चुंबक बाहेर आले आणि दोन गिळले गेले, तर आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून ते एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटतात आणि भोक पडू शकतं. शंका जरी आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. घेताना कडा नीट बघा: दोन्ही बाजू वितळवून जोडलेल्या असाव्यात, कोपऱ्यांत धातूच्या रिव्हेट असतील तर उत्तम. तडा गेलेली टाइल त्याच दिवशी काढून टाका. सुटे चुंबकी गोळे असलेला सेट या वयाच्या घरात नकोच.

९. नट-बोल्टची गंमत थोडी थांबवा

भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळाचं पेटंट लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली घेतलं. तोच पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेला. घरात आजोबांचा असा सेट असेल तर तो तिसऱ्या वर्षी काढायचा मोह होतो. यात एका हाताने नट स्थिर धरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने बोल्ट फिरवायचा असतो. दोन हातांना दोन वेगळी कामं देणं तीन वर्षांच्या मुलाला नुकतंच जमू लागलेलं असतं, तेही मोठ्या वस्तूंवर. त्याला अंगठ्याएवढे प्लास्टिकचे नट-बोल्ट द्या. धातूच्या पट्ट्या सात-आठ वर्षांचा झाल्यावर.

एक प्रकरण, पहिल्यापासून

समजा, सव्वातीन वर्षांच्या मुलाला बारीक तुकड्यांचा, पुस्तिका बघून करायचा विमानाचा सेट मिळाला. पाच मिनिटांत ‘तू कर’ म्हणत त्याने तुकडे बाबांच्या हातात दिले. मग उरलेले फेकले.

आधी कारण ओळखा. तुकडा हातात देऊन ‘तू कर’ म्हणणं, एकच तुकडा पुन्हा पुन्हा दाबून सोडून देणं, फेकणं या खेळ अवघड असल्याच्या खुणा. पटकन मनोरा करून, पाडूनही न बघता उठून जाणं ही खेळ सोपा असल्याची खूण. इथे पहिला प्रकार आहे.

सेट झाकून ठेवा, ओरडा नको. मुठीत मावणारे पंचवीस ठोकळे फरशीवर काढा आणि एक गाडी. शेजारी बसून न बोलता दोन ठोकळ्यांवर तिसरा ठेवून पूल करा, त्याखालून गाडी न्या. त्याने तसाच केला, तर दुसऱ्या दिवशी लांब ठोकळे वाढवा, म्हणजे पूल रुंद होईल. त्याने फक्त मनोरेच केले, तर आठवडाभर मनोरेच होऊ द्या, ठोकळे वाढवा. विमान हवंच असेल तर एक लांब ठोकळा आणि त्यावर आडवा दुसरा, दोन तुकड्यांत विमान होतं आणि ते त्याचं त्याला करता येतं. पहिला सेट तो पाच वर्षांचा झाल्यावर काढा.

एका नजरेत

- दीड ते दोन वर्षं: मुठीत भरणारे हलके ठोकळे, १० ते १५. काम: वाहून नेणं, भरणं, ओतणं, पाडणं.
- दोन ते तीन: लाकडी घन आणि मोठे जोडायचे ठोकळे, १५ ते २०. काम: मनोरा आणि रांग.
- तीन ते चार: १:२:४ प्रमाणातले लाकडी ठोकळे ३० ते ४० किंवा ड्युप्लोच्या मापाचे २० ते ३०, सोबत प्राणी आणि गाडी. मोठ्यांच्या नजरेखाली चुंबकी टाइल्स.
- चार ते पाच: कमानी आणि त्रिकोणी ठोकळे वाढवा. बारीक ठोकळ्यांची सुरुवात, पुस्तिकेशिवाय.
- पाचनंतर: चित्र बघून करायचे छोटे सेट.
- सात-आठ: धातूच्या पट्ट्या, नट-बोल्ट.

दोन ओळींच्या मध्ये अडकलेल्या मुलासाठी खालच्या वयाचा सेट घ्या आणि ठोकळ्यांची संख्या वाढवा. पाच घनांचं तिरकं दार त्याने बघून स्वतः केलं, की पुढच्या ओळीचं खोकं उघडायला हरकत नाही.